एकसमान विद्युतक्षेत्रातला डायपोल: टॉर्क, स्थितिज ऊर्जा आणि आवर्तकाल न चुकता कसे काढावेत

दादरला मी बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये स्थिरविद्युतीचे धडे संपले, की तपासायला आलेल्या वह्यांत एक ठरावीक चूक पुन्हा पुन्हा दिसते. टॉर्क बरोबर असतो, स्थितिज ऊर्जाही बरोबर असते, आणि शेवटच्या ओळीतला आवर्तकाल मात्र चुकलेला असतो. गेल्या वर्षी एका मुलीने ७.०२ सेकंद या उत्तराखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या होत्या. तिची आकडेमोड निर्दोष होती. गडबड झाली होती ती चार ओळी वर, मोमेंट ऑफ इनर्शिया लिहिताना, कारण तो कोणत्या अक्षाभोवती घ्यायचा हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत दोन्ही टोकांची वस्तुमाने सारखी असल्यामुळे ही चूक झाकली जाते. वस्तुमाने वेगळी दिली, की ती उघडी पडते. म्हणून हा लेख मी त्याच उदाहरणावर बेतला आहे.

उदाहरण

दहा सेंटीमीटर लांबीची, वजन नगण्य असलेली एक विद्युतरोधक काडी आहे. तिच्या एका टोकाला १ ग्रॅमची गोळी असून तिच्यावर +५ नॅनोकूलोम प्रभार आहे. दुसऱ्या टोकाला ४ ग्रॅमची गोळी असून तिच्यावर −५ नॅनोकूलोम प्रभार आहे. काडी बारीक दोऱ्याने आडवी टांगलेली आहे आणि दोऱ्याचा पीळ दुर्लक्षणीय आहे. आडव्या दिशेने २०,००० न्यूटन प्रति कूलोम इतके एकसमान विद्युतक्षेत्र आहे. काडी क्षेत्राच्या दिशेपासून १० अंश वळवून अलगद सोडली आहे. टॉर्क, स्थितिज ऊर्जा आणि आवर्तकाल काढायचे आहेत.

टप्पा १: आकृती आणि एकके

पहिले सूत्र लिहिण्याआधी कागदावर दोन बाण काढावेत. एक बाण क्षेत्राचा, म्हणजे E चा. दुसरा बाण डायपोल मोमेंटचा, म्हणजे p चा, आणि तो नेहमी ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे जातो. क्षेत्ररेषा धनाकडून ऋणाकडे जातात हे डोक्यात पक्के बसलेले असल्यामुळे p चा बाण उलटा काढण्याचा मोह होतो, आणि तो उलटा पडला की θ च्या जागी १८०° − θ येतो. टॉर्कच्या परिमाणात हे कळतही नाही, कारण दोन्ही कोनांचे साइन सारखेच असते. ऊर्जेचे चिन्ह मात्र उलटते, आणि स्थिर समतोलाच्या जागी अस्थिर समतोल येऊन बसतो.

θ हा कोन या दोन बाणांच्या शेपट्या एकत्र आणून मोजावा. काही प्रश्नांत काडीने क्षेत्राच्या लंबाशी केलेला कोन दिलेला असतो. तो तसाच सूत्रात घालू नये.

त्यानंतर सर्व राशी एसआय एककांत लिहून घ्याव्यात:

```
q  = 5 × 10⁻⁹ C
ℓ  = 0.10 m
E  = 2 × 10⁴ N/C
m₁ = 1 × 10⁻³ kg   (+q)
m₂ = 4 × 10⁻³ kg   (−q)
```

येथे ℓ म्हणजे दोन प्रभारांमधले पूर्ण अंतर. काही पुस्तकांत हेच अंतर 2a असे लिहितात, आणि मग घाईत p = qa लिहिले जाते. अर्धे अंतर वापरले की टॉर्क आणि ऊर्जा निम्म्याने कमी येतात.

```
p  = qℓ = 5 × 10⁻¹⁰ C·m
pE = 1 × 10⁻⁵ N·m
```

pE हा गुणाकार आताच काढून बाजूला चौकटीत लिहून ठेवावा. पुढची तिन्ही उत्तरे त्यातूनच निघतात.

पडताळणी: pE चे एकक न्यूटन-मीटर आले पाहिजे, आणि तेच ज्यूलही आहे. दुसरे काही आले तर सेंटीमीटर किंवा नॅनो कुठेतरी तसेच राहून गेले आहे.

टप्पा २: टॉर्क

धन प्रभारावर क्षेत्राच्या दिशेने qE इतके बल लागते आणि ऋण प्रभारावर तितकेच बल विरुद्ध दिशेने. एकूण बल शून्य असते, पण दोन्ही बले एका रेषेत नसल्यामुळे त्यांचे बलयुग्म बनते आणि ते काडीला फिरवू पाहते. बलांच्या रेषांमधले लंबांतर ℓ sin θ आहे, म्हणून:

```
τ = qE × ℓ sin θ = pE sin θ
```

आपल्या उदाहरणात θ = १०° असताना टॉर्क 1 × 10⁻⁵ × 0.1736, म्हणजे 1.74 × 10⁻⁶ N·m येतो.

येथे क्षणभर थांबून एक प्रयोग कागदावरच करावा. हाच टॉर्क जड गोळीभोवती मोजून पाहावा. जड गोळीवरचे बल त्या बिंदूतूनच जाते, त्यामुळे त्याचा टॉर्क शून्य. हलक्या गोळीवरचे बल पूर्ण ℓ इतक्या अंतरावर आहे, म्हणून त्याचा टॉर्क qEℓ sin θ. उत्तर तेच. आता मध्यबिंदूभोवती मोजावा: प्रत्येक बलाचा टॉर्क qE(ℓ/2) sin θ, दोघांचे चिन्ह एकच, बेरीज पुन्हा तीच. एकूण बल शून्य असल्यामुळे बलयुग्माचा टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती सारखाच येतो. त्याला अक्ष कुठे आहे हे सांगावे लागत नाही, आणि पुढे चूक होते ती याच सोयीमुळे. या टप्प्यावर अक्षाचा विचार न करता काम भागते, म्हणून पुढेही तो केला जात नाही.

सावधान: हे स्वातंत्र्य दोन अटींवर टिकते. दोन्ही प्रभार परिमाणाने समान हवेत आणि क्षेत्र एकसमान हवे. यांपैकी एक अट मोडली तर एकूण बल शून्य राहत नाही आणि टॉर्क बिंदूनुसार बदलतो.

टप्पा ३: स्थितिज ऊर्जा

डायपोलला θ₁ पासून θ₂ पर्यंत अगदी सावकाश वळवताना बाहेरून करावे लागणारे काम असे:

```
W = ∫ pE sin θ dθ = pE (cos θ₁ − cos θ₂)
U = −pE cos θ
```

दुसऱ्या ओळीत θ = ९०° या स्थितीत ऊर्जा शून्य धरली आहे. ही निवड सोयीसाठी केलेली असते. ९० अंशांना U शून्य आहे म्हणजे तेथे ऊर्जा सर्वांत कमी आहे, असा अर्थ काढू नये. सर्वांत कमी ऊर्जा θ = ०° ला असते, आणि ती −pE, म्हणजे आपल्या उदाहरणात −1 × 10⁻⁵ J आहे. सर्वांत जास्त ऊर्जा १८० अंशांना असते, +1 × 10⁻⁵ J. काडी क्षेत्राच्या दिशेतून पूर्ण उलटी करायला 2pE, म्हणजे 2 × 10⁻⁵ J काम लागते.

प्रश्नात «क्षेत्राने केलेले काम» विचारले असेल तर चिन्ह उलटे होते. हा शब्द प्रश्नात सापडला की त्याखाली रेघ मारावी आणि मगच सूत्र लिहावे. मी मुलांना U चे दोन आकडे आधी लिहायला लावतो, सुरुवातीचा आणि शेवटचा. बाहेरचे काम म्हणजे शेवटचा वजा सुरुवातीचा, आणि क्षेत्राचे काम म्हणजे त्याच्या विरुद्ध चिन्हाचा आकडा. पाठ केलेल्या सूत्रात θ₁ आणि θ₂ यांची अदलाबदल होते. समोर लिहिलेल्या दोन आकड्यांची सहसा होत नाही.

पडताळणी: U चा θ च्या सापेक्ष अवकल काढला तर pE sin θ मिळायला हवा. वजा चिन्हासह तोच पुनःस्थापक टॉर्क आहे, कारण तो कोन कमी करण्याच्या दिशेने काम करतो.

टप्पा ४: अक्ष ठरवणे, आणि मगच मोमेंट ऑफ इनर्शिया

कोनीय त्वरण काढण्यासाठी टॉर्कला I ने भागायचे असते. टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती सारखाच असला तरी I तसा नाही. वस्तुमाने अक्षापासून किती दूर आहेत यावर तो पूर्णपणे अवलंबून असतो. म्हणून I लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही काडी कशाभोवती फिरते आहे?

याची दोन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर, काडी मोकळी आहे. तिला कुठेही खिळ नाही, आणि आडव्या दिशेने तिच्यावरचे एकूण बल शून्य आहे. अशा वेळी वस्तुमान केंद्र जागचे हलत नाही आणि फिरणे त्याच्याभोवतीच होते. आपले उदाहरण याच प्रकारचे आहे. काडी आडवी लटकते आहे याचा अर्थच असा, की दोरा वस्तुमान केंद्रात बांधला आहे. मध्यबिंदूत बांधला असता तर जड गोळी खाली गेली असती. उदाहरणात हे वेगळे सांगितलेले नाही, ते «आडवी टांगलेली» या दोन शब्दांत दडलेले आहे. दुसरे उत्तर, काडी एखाद्या स्थिर उभ्या आसावर बसवलेली आहे. तसे असेल तर अक्ष प्रश्नानेच ठरवून दिलेला असतो.

वस्तुमान केंद्र जड गोळीपासून किती अंतरावर आहे ते काढू:

```
x = m₁ℓ / (m₁ + m₂) = (1 × 10 cm) / 5 = 2 cm
```

म्हणजे जड गोळी केंद्रापासून २ सेंटीमीटरवर आणि हलकी गोळी ८ सेंटीमीटरवर आहे.

```
I = (1 × 10⁻³)(0.08)² + (4 × 10⁻³)(0.02)²
  = 6.4 × 10⁻⁶ + 1.6 × 10⁻⁶
  = 8.0 × 10⁻⁶ kg·m²
```

त्या मुलीने दोन्ही गोळ्या मध्यबिंदूपासून ५ सेंटीमीटरवर धरल्या होत्या आणि 1.25 × 10⁻⁵ kg·m² लिहिले होते. डायपोलच्या आकृतीत मध्यबिंदू ठळक काढलेला असतो, क्षेत्राची सगळी सूत्रे त्याच्यापासून मोजलेली असतात, त्यामुळे तो आपोआप अक्षही वाटू लागतो. मोकळ्या काडीच्या बाबतीत मात्र तो बिंदू स्वतःच त्वरणाने हलत असतो. त्याच्याभोवती τ = Iα जसेच्या तसे लिहिता येत नाही.

मुले यावर एक रास्त शंका विचारतात. काडी मध्यबिंदूतल्या आसावर बसवली असेल, तर तिचे वस्तुमान केंद्रही आसाभोवती फिरत असते; मग तिथे τ = Iα कसे चालते? ते चालते, कारण तो आस जागचा हलत नाही. केंद्राला फिरवत ठेवणारे बल आस देतो, आणि ते बल आसातूनच जात असल्यामुळे त्याचा आसाभोवतीचा टॉर्क शून्य असतो. त्यामुळे टॉर्क तोच pE sin θ राहतो आणि I तेवढा आसाभोवतीचा घ्यायचा.

पडताळणी: वस्तुमान केंद्राभोवतीचा I हा एकमेकांना समांतर असलेल्या सर्व अक्षांमध्ये सर्वांत लहान असतो. दोन बिंदू-वस्तुमानांसाठी तो m₁m₂ℓ² / (m₁ + m₂) या सूत्रानेही मिळतो. आपले आकडे घालून पाहावे, 8.0 × 10⁻⁶ हेच येते. काडीला स्वतःचे वस्तुमान दिले असेल तर तिचा I वेगळा मिळवावा, आणि त्याआधी केंद्राची जागाही नव्याने काढावी.

टप्पा ५: लहान दोलने आणि आवर्तकाल

आता समीकरण मांडता येते:

```
I d²θ/dt² = −pE sin θ
sin θ ≈ θ  (θ रेडियनमध्ये, लहान)
d²θ/dt² = −(pE/I) θ
T = 2π √(I/pE)
```

वजा चिन्ह पहिल्याच ओळीत लिहावे. ते नसेल तर समीकरण दोलनाचे राहत नाही, कोन वाढतच जातो. sin θ च्या जागी θ लिहिणे केवळ रेडियनमध्ये खरे आहे. १० अंश म्हणजे 0.1745, आणि त्याचे साइन 0.1736. दोन्ही आकडे किती जवळ आहेत ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

```
ω = √(1 × 10⁻⁵ / 8 × 10⁻⁶) = √1.25 = 1.118 rad/s
T = 2π / 1.118 = 5.62 s
```

बरोबर उत्तर ५.६२ सेकंद. ७.०२ सेकंद हे उत्तरही कुठेतरी बरोबर आहे: मध्यबिंदूतून जाणाऱ्या स्थिर आसावर काडी बसवली असती, तर तेच आले असते. त्याच काडीचा, त्याच क्षेत्रातला आस सरकवत गेलो तर काय होते ते पाहू. आस जड गोळीत असेल तर I = 1 × 10⁻⁵ आणि T = 6.28 s; हलक्या गोळीत असेल तर I = 4 × 10⁻⁵ आणि T = 12.57 s. चारही वेळा टॉर्क एकच आहे, आवर्तकाल चार वेगवेगळे आहेत, आणि सर्वांत छोटा वस्तुमान केंद्राभोवतीचा आहे. हे चार आकडे मी दरवर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहितो; सूत्राच्या स्पष्टीकरणापेक्षा या यादीने मुलांच्या मनातला गोंधळ लवकर मिटतो.

सावधान: १८० अंशांच्या स्थितीतही टॉर्क शून्य असतो, म्हणून तेथेही हेच सूत्र घालून T काढणारे विद्यार्थी आहेत. त्या स्थितीतून डायपोल थोडा ढळला की टॉर्क त्याला आणखी दूर ढकलतो. तो अस्थिर समतोल आहे आणि तेथे आवर्तकाल नाही.

टप्पा ६: ऊर्जेने उत्तर तपासणे

टॉर्कच्या वाटेने काढलेले उत्तर ऊर्जेच्या वाटेने तपासता येते. १० अंशांवरून सोडल्यावर काडी क्षेत्राच्या दिशेत येते तेव्हा स्थितिज ऊर्जेत झालेली घट गतिज ऊर्जेत जाते:

```
ΔU = pE (1 − cos 10°) = 1.52 × 10⁻⁷ J
½ I ω(कमाल)² = 1.52 × 10⁻⁷  →  ω(कमाल) = 0.195 rad/s
```

दोलनाच्या सूत्राने कमाल कोनीय वेग म्हणजे 0.1745 × 1.118, तोही 0.195. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या. कोणी कोन अंशांतच ठेवून 10 × 1.118 केले असते तर सेकंदाला ११ रेडियन आले असते, म्हणजे हलकी गोळी जवळजवळ ९० सेंटीमीटर प्रति सेकंद वेगाने. प्रत्यक्षात ती सेकंदाला दीड सेंटीमीटरच्या आसपास सरकते. अशा शांत हालचालीला ११ रेडियन हे उत्तर शोभत नाही, एवढे लक्षात आले तरी चूक पकडता येते.

कोन मोठा असेल तर दोलनाचे सूत्र सोडून ऊर्जेचेच वापरावे. काडी ९० अंशांवरून सोडली, तर क्षेत्राच्या दिशेत येताना तिची गतिज ऊर्जा pE इतकी आणि कोनीय वेग 1.58 rad/s असतो. येथे sin θ ≈ θ चा काही संबंध नाही.

सूत्र कुठपर्यंत चालते

१० अंशांच्या आयामाला खरा आवर्तकाल सूत्राच्या उत्तरापेक्षा सुमारे ०.२ टक्के जास्त असतो, ३० अंशांना १.७ टक्के आणि ६० अंशांना ७ टक्क्यांहून जास्त. साध्या लंबकालाही हेच आकडे लागू पडतात, कारण समीकरण तेच आहे.

पाण्याच्या रेणूला हे सूत्र लावून त्याचा आवर्तकाल काढणारी गणिते दिसतात. रेणूचा डायपोल मोमेंट सुमारे 6.2 × 10⁻³⁰ C·m आहे. दहा लाख न्यूटन प्रति कूलोमच्या क्षेत्रातही pE केवळ 6.2 × 10⁻²⁴ J होते, तर खोलीच्या तापमानाला रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीची ऊर्जा kT, जिथे T म्हणजे आवर्तकाल नव्हे तर तापमान, सुमारे 4.1 × 10⁻²¹ J, म्हणजे साडेसहाशे पटींहून जास्त असते. उष्णतेच्या धक्क्यांत असा रेणू क्षेत्राभोवती निवांत झुलू शकत नाही. गणित म्हणून ते सोडवावे, पण रेणू खरोखर तसा हलतो असे मानू नये.

हा प्रयोग कोणी मुंबईत प्रत्यक्ष करून पाहणार असेल, तर तो जानेवारीत करावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत काडीवर आणि दोऱ्यावर ओलाव्याचा थर बसतो आणि प्रभार झिरपून जातो. T हा प्रभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे प्रभार निम्मा उरला की ५.६२ सेकंदांचे ७.९५ सेकंद होतात. ही गळती हवेच्या रोधापासून वेगळी ओळखता येते. रोधामुळे झोके लहान होत जातात, पण आवर्तकाल जवळपास तसाच राहतो. गळतीमुळे आवर्तकालच लांबत जातो. म्हणून दहा झोक्यांचा वेळ एकदाच मोजून दहाने भागू नये. पहिल्या पाच झोक्यांचा आणि पुढच्या पाचांचा वेळ वेगळा लिहावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. दुसरा आकडा स्पष्टपणे मोठा आला तर प्रभार गळतो आहे. आणि काडी झुलता झुलता आख्खीच क्षेत्र तयार करणाऱ्या एखाद्या धातूच्या पट्टीकडे सरकू लागली, तर दोन गोळ्यांवरचे प्रभार आता समान उरलेले नाहीत. टप्पा २ मधली अट मोडली आहे, आणि गोळ्या पुन्हा प्रभारित करूनच मोजणी नव्याने सुरू करावी लागते.